व्हीपीएफचा एक रुपया नेमका कुठून कापला जातो?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. बेळगावात अनगोळला राहणारा माझा भाचा रविवारी सकाळी मोबाइल हातात घेऊनच घरात शिरला. चहा यायच्या आधीच म्हणाला, "मामा, एप्रिलपासून महिन्याला तीन हजार व्हीपीएफ लावतोय. टॅक्स शून्य होतंय बघा."

त्याने कॅल्क्युलेटरवर मांडलेला हिशोब असा होता. वर्षाचा पगार १३ लाख ८ हजार. त्यातून पगारदारांना मिळणारी ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की कर लागणारं उत्पन्न १२ लाख ३३ हजार. बारा लाखांपर्यंत कर नाही, हे फेब्रुवारीतल्या बजेटपासून तिसऱ्या रेल्वे गेटावरच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं. म्हणजे याची अडचण फक्त वरच्या ३३ हजारांची. महिन्याला तीन हजारप्रमाणे वर्षाचे ३६ हजार व्हीपीएफमध्ये, म्हणजे नेहमीच्या पीएफवर आपल्या खुशीने जास्तीचे, टाकले की उत्पन्न बारा लाखांच्या खाली येणार, कर वाचणार आणि वर पीएफही वाढणार.

बेरीज-वजाबाकीत चूक नव्हती. फक्त त्याने वजाबाकी भलत्याच रकान्यात केली होती.

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पगारखातं सांभाळलं. दर मार्चमध्ये हीच चूक घेऊन कुणी ना कुणी टेबलापाशी यायचं, म्हणून ती जरा सावकाश उलगडतो.

एकाच पगारातून दोन वेगवेगळ्या वजाबाक्या होतात. पहिली हातात किती येणार हे ठरवते. एकूण पगारातून पीएफ, व्यवसाय कर, टीडीएस, असलंच तर सोसायटीचं कर्ज आणि कँटीन कापून जे उरतं ते बँकेत जमा होतं. दुसरी वजाबाकी कर कशावर लागणार हे ठरवते, आणि ती प्राप्तिकर कायद्याच्या हिशोबाने होते. त्यात कायदा ज्याला मान्यता देतो तेवढंच वजा होतं. सॅलरी स्लिपवर दिसते ती पहिली. दुसरी दिसते ती कराच्या हिशोबाच्या वेगळ्या पानावर, आणि वर्ष संपल्यावर फॉर्म १६ मध्ये. व्हीपीएफ पहिल्या वजाबाकीत कायम असतो. दुसरीत तो असतो की नाही, हे तुम्ही कुठली करप्रणाली घेतली त्यावर ठरतं.

आधी व्हीपीएफ म्हणजे काय ते दोन वाक्यांत. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या १२ टक्के पीएफ कापला जातो. त्यावर आपण आपल्या खुशीने जे जास्त कापून घेतो तो व्हीपीएफ, आणि तो मूळ पगार-महागाई भत्त्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत नेता येतो. खातं तेच आणि व्याजही तेच (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के), पण या जास्तीच्या रुपयाला मालकाने आपला रुपया जोडायचं बंधन नाही. आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांत पीएफ पूर्ण मूळ पगारावर न कापता कायद्यातल्या १५ हजारांच्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० रुपयेच कापतात. त्या लोकांना व्हीपीएफचं आकर्षण जास्त असतं, आणि ते बरोबरही आहे.

भाच्याचा पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापला जात होता. त्याचा महिन्याचा ताळेबंद असा: एकूण पगार १,०९,०००, त्यात मूळ पगार ५५,०००. पीएफ ६,६००. व्यवसाय कर २०० (कर्नाटकात आता फेब्रुवारीत ३०० कापतात, ते सोडून देऊ). राहिला टीडीएस.

त्याचा कर काढताना एक गंमत आहे. नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी पहिले चार लाख मोकळे, पुढच्या चार लाखांना ५ टक्के, त्यापुढच्या चार लाखांना १० टक्के, मग १५ टक्के. बारा लाखांवर हा कर साठ हजार होतो, पण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर तो सगळा माफ होतो. उत्पन्न बारा लाखांच्या एक रुपया पुढे गेलं आणि माफी एकदम निघून गेली, तर एका रुपयापायी साठ हजार भरावे लागले असते. म्हणून कायद्याने सवलत ठेवली आहे: बारा लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. भाच्याचा कर टप्प्यांप्रमाणे ६४,९५० येत होता, पण बारा लाखांच्या वर तो फक्त ३३ हजारांनी गेला होता, म्हणून कर ३३ हजार. त्यावर ४ टक्के उपकर धरून ३४,३२०. बाराने भागलं की महिन्याला २,८६० रुपये.

म्हणून हातात येणारा पगार १,०९,००० वजा ६,६०० वजा २०० वजा २,८६०, म्हणजे ९९,३४०.

सवलत ऐकायला गोड वाटते, पण तिची दुसरी बाजू बघा. या पट्ट्यात, म्हणजे पगार १२ लाख ७५ हजारांपासून साधारण १३ लाख ४५ हजारांपर्यंत असताना, उत्पन्न एक रुपयाने वाढलं की करही एक रुपयाने वाढतो आणि उपकराचे चार पैसे वेगळे. दिवाळीला दहा हजार बोनस जास्त मिळाला तर १०,४०० कर. बोनस घेऊन चारशेचं नुकसान! आणि उलटही तितकंच खरं: या पट्ट्यात उत्पन्न एका रुपयाने कमी दाखवता आलं तर एक रुपया चार पैसे वाचतात. भाच्याला हा वास बरोबर आला होता. फक्त व्हीपीएफ ते काम करत नाही.

कारण नव्या करप्रणालीत ८०सीची वजावट नाहीच. आपल्या खिशातून भरलेला पीएफ, व्हीपीएफ, एलआयसीचा हप्ता, पोरांची फी, यातलं काहीही दुसऱ्या वजाबाकीत धरलं जात नाही. तीन हजार व्हीपीएफ लावल्यावर त्याचं कर लागणारं उत्पन्न १२ लाख ३३ हजारच राहणार होतं, टीडीएस २,८६० च राहणार होता, आणि हातात ९९,३४० ऐवजी ९६,३४० येणार होते. व्हीपीएफच्या एका रुपयाने हातातला एक रुपया जातो, करात शून्य फरक. ज्यांचा पगार पावणेतेरा लाखांच्या आत आहे त्यांचा कर मुळातच शून्य, तेव्हा त्यांनाही हेच लागू. उद्यमबागेत, मच्छेत, हद्द ओलांडून शिनोळीच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बहुतेकांचं उत्तर इथेच संपतं. राज्य बदललं तरी पीएफ आणि प्राप्तिकर दोन्ही केंद्राचे, हिशोब तोच.

"मग ऑफिसच्या पोर्टलवर व्हीपीएफ ८०सीत का दाखवतंय?" भाच्याने मोबाइल पुढे केला.

दाखवतं, खरं आहे. पगाराची बरीच सॉफ्टवेअर गुंतवणुकीची घोषणा भरताना प्रणाली कुठलीही असो, ८०सीचा रकाना उघडाच ठेवतात. त्यात पीएफ आणि व्हीपीएफ आपोआप येऊन बसतात आणि खाली बेरीज दिसते. माणूस खूश होतो. पण कराच्या हिशोबाच्या पानावर जरा खाली जाऊन 'वजावट' समोर किती रक्कम धरली ते बघायचं. नवी प्रणाली असेल तर तिथे शून्य असतं. भाच्याच्या पानावर वर १,१५,२०० आणि खाली शून्य, दोन्ही एकाच स्क्रीनवर होते. कुठली प्रणाली हवी हे ऑफिसला कळवलं नाही तर नवीच धरतात, हेही लक्षात असू द्या.

त्याचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "जुनी घेतो की मग. तिथं ८०सी आहे न्हवं?"

आहे. जुन्या प्रणालीत व्हीपीएफचा रुपया खरोखर दोन्ही रकान्यांत बसतो. ८०सीची मर्यादा दीड लाख. भाच्याच्या नेहमीच्या पीएफचे ७९,२०० तिथे आधीच बसलेले, म्हणजे जागा उरली ७०,८०० ची. त्याचं उत्पन्न जुन्या प्रणालीत दहा लाखांच्या वर, ३० टक्क्यांच्या टप्प्यात, उपकरासह ३१.२ टक्के. म्हणजे व्हीपीएफचा एक रुपया कापला की ३१.२ पैसे कर कमी होतो आणि हातातून प्रत्यक्षात ६८.८ पैसेच जातात. महिना तीन हजार टाकले तर हातातला पगार २,०६४ ने उतरतो. उत्पन्न पाच ते दहा लाखांच्या टप्प्यात असेल तर रुपयामागे हातातून ७९.२ पैसे जातात.

पण ही सूट जागा आहे तोवरच. भाच्याचा एलआयसीचा हप्ता वर्षाला २४ हजार. तो धरला की जागा उरते ४६,८००, म्हणजे महिन्याला ३,९००. व्हीपीएफचा तीन हजार नऊशेवा रुपया ६८.८ पैशांना पडतो आणि त्याच्या पुढचा पुरा एक रुपयाला. पोरांच्या शाळेची ट्यूशन फी आणि घरकर्जाच्या मुद्दलाची परतफेडही याच जागेत बसतात. संसारी माणसाची ही जागा बहुधा व्हीपीएफच्या आधीच भरलेली असते. पगारखात्यात असताना असे कितीतरी लोक पाहिले जे जानेवारीत घाईघाईने व्हीपीएफ वाढवायला यायचे, आणि त्यांचा दीड लाख आधीच ओलांडलेला असायचा.

आणि रुपया स्वस्त पडतो म्हणून प्रणाली बदलणं म्हणजे दहा रुपयांच्या भाजीसाठी शंभराचं पेट्रोल जाळणं. भाच्याचा जुन्या प्रणालीतला कर मी त्याच्यासमोरच काढला. प्रमाणित वजावट तिथे ५० हजार, व्यवसाय कर अडीच हजार वजा, पीएफ वजा: उत्पन्न ११,७६,३०० आणि कर उपकरासह १ लाख ७२ हजार. त्यात ३६ हजार व्हीपीएफ टाकून ११,२३२ वाचवले तरी उरतात १ लाख ६० हजारांवर. एलआयसीचा हप्ताही धरला तर आणखी साडेसात हजार कमी, बस. नव्या प्रणालीत काहीही न करता कर होता ३४,३२०. समजा त्याने दीड लाख पूर्ण भरले असते आणि घरकर्जाच्या व्याजाचे दोन लाखही दाखवले असते, तरी जुन्या प्रणालीत ९७ हजारांच्या वर कर. ज्यांचा पगार याहून बराच मोठा आहे, बाहेरगावी भाड्याने राहतात आणि इथे घराचं कर्जही फेडतात, अशांना जुनी प्रणाली अजून परवडू शकते. त्यांनी दोन्ही बाजूंनी पूर्ण कर काढून बघावा, एकट्या व्हीपीएफवरून ठरवू नये.

तोवर चहा गार झाला होता. त्याचा चेहरा बघून मी म्हटलं, तुला पाहिजे ते होतं, पण दुसऱ्या दारातून.

नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याने भरलेलं काही चालत नाही, पण *मालकाने* एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, भरलेलं चालतं, मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत. कंपनीने पगाराची रचना बदलायची तयारी दाखवली तर विशेष भत्त्यातले काही रुपये 'कंपनीची एनपीएस वर्गणी' म्हणून भरता येतात. कंपनीचा खर्च तेवढाच राहतो. भाच्यासाठी १४ टक्के म्हणजे महिन्याला ७,७०० पर्यंत वाव. त्याला लागत होते ३३ हजार, महिन्याला २,७५०. तेवढे भत्त्यातून एनपीएसला वळवले की कर लागणारं उत्पन्न बरोब्बर बारा लाख आणि कर शून्य. रोख पगार १,०६,२५०, त्यातून पीएफ ६,६०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात ९९,४५०.

म्हणजे बचत २,७५० ची आणि हातातला पगार आधीपेक्षा ११० रुपयांनी *जास्त*. त्याने कॅल्क्युलेटरवर तीनदा ताडून पाहिलं.

तोटेही सांगितले. एनपीएसमधले पैसे व्हीपीएफपेक्षा घट्ट अडकतात, परतावा बाजारावर हलतो, ८.२५ असा ठरलेला आकडा तिथे नसतो. शिवाय कंपनी एनपीएससाठी नोंदलेली पाहिजे. छोट्या फाउंड्रीत हे सहसा नसतं. याच्या कंपनीत होतं, फक्त कुणी मागितलं नव्हतं.

मग मी विचारलं, "सोसायटीत किती ठेव आहे?" बेळगावात हा प्रश्न विसरून चालत नाही, गल्लीगणिक सोसायटी आहे. तीन लाख, आठ टक्क्यांनी. म्हणजे वर्षाला २४ हजार व्याज, आणि ते ऑफिसच्या हिशोबात कुठेच नाही, कारण त्याने सांगितलंच नव्हतं. विवरणपत्र भरताना ते उत्पन्नात येणारच. बारा लाख ३३ हजारांचे होणार १२ लाख ५७ हजार, आणि त्या भयंकर पट्ट्यात २४ हजारांच्या व्याजावर २४,९६० कर. व्याज पूर्ण गेलं आणि वर पदरचे ९६० गेले. एनपीएसला २,७५० वळवून बरोब्बर बारा लाखांवर बसला असता, तरी या व्याजापायी जुलैत तेवढाच कर भरायला लागला असता. म्हणून आकडा बदलला: ५७ हजार वर्षाचे, महिन्याला ४,७५०. कर पुन्हा शून्य.

व्हीपीएफचा खरा उपयोग इथे दिसतो. व्हीपीएफ टाकताना कर लागणाऱ्या पगारातून काही कमी करत नाही, पण त्याचं व्याज पुढे त्यात भरही घालत नाही. महिना तीन हजारांवर पहिल्या वर्षी साधारण १,३६० रुपये व्याज होतं, फार नाही. पण पाच-सात वर्षांत ती रक्कम मोठी होते आणि दरवर्षी ते व्याज कराच्या हिशोबाबाहेरच राहतं. तेच पैसे सोसायटीत असते तर दरवर्षी उत्पन्नात मिसळले असते. पाच वर्षं सलग नोकरी होण्याआधी पैसे काढले तर मात्र कर लागू शकतो. नोकरी बदलली तर खातं नव्या कंपनीकडे वर्ग करायचं, काढून घ्यायचं नाही. मग आधीची वर्षं मोजली जातात.

करमुक्त व्याजालाही एक कुंपण आहे. १ एप्रिल २०२१ पासून, वर्षभरात आपला स्वतःचा पीएफ आणि व्हीपीएफ मिळून अडीच लाखांच्या वर गेला, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. मालकाचा वाटा यात मोजत नाहीत. ती वरची रक्कम हिशोबात वेगळ्या करपात्र भागात टाकली जाते आणि तिचं व्याज पुढच्या प्रत्येक वर्षी करपात्रच राहतं, नंतर व्हीपीएफ बंद केला तरी. भाच्याला हे कुंपण महिना १४,२०० च्या आसपास लागतं. तो तिथवर जाणार नव्हता. पण घरातल्या दुसऱ्याच्या पगारावर घर चालतं म्हणून आपला सगळा मूळ पगार व्हीपीएफला देणारे लोक असतात. त्यांनी हा आकडा आधी काढावा.

एक गोष्ट माझ्या अंगावर आलेली. नोकरी सोडायच्या काही वर्षं आधी मी माझाच व्हीपीएफ सुरू केला होता. स्लिपवर दरमहा कापलेला दिसायचा, म्हणून निवांत होतो. पाच महिन्यांनी सहज पासबुक उघडलं तर माझ्या वाट्यात फक्त १२ टक्के जमा. आम्ही पीएफ ऑफिसला पाठवायचो त्या महिन्याच्या फाइलमध्ये व्हीपीएफचा रकाना मूळ पीएफच्या बेरजेत जोडायचा राहिला होता. म्हणजे पैसे माझ्या पगारातून गेले, पण खात्यात पोहोचले नाहीत, आणि फाइल बनवणाऱ्या खात्यातच मी बसत होतो! पैसे पुढे भरले गेले, पण चार महिने पत्रव्यवहार करून.

पीएफच्या पासबुकात व्हीपीएफ वेगळा दिसत नाही, तो कर्मचाऱ्याच्या वाट्यात मिसळून येतो. त्यामुळे तपासायचं ते बेरजेने. तीन हजार व्हीपीएफ असेल तर भाच्याच्या पासबुकात दरमहा ६,६०० नाही, ९,६०० दिसायला पाहिजेत. कंपनीने महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, म्हणून विसाव्या तारखेनंतर `passbook.epfindia.gov.in` वर बघावं. नोंदवलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या नंबरला

```
EPFOHO UAN MAR
```

असा एसएमएस केला तर शेवटची जमा रक्कम आणि शिल्लक मराठीत येते. `MAR` च्या जागी `KAN` टाकलं तर कन्नडमध्ये. इंग्रजी पासबुक बघायला कंटाळणाऱ्या आईवडिलांसाठी हे बरं पडतं.

व्हीपीएफचा आकडा वर्षात कधीही बदलता येत नाही असा बऱ्याच कंपन्यांचा स्वतःचा नियम असतो. एप्रिलमध्ये घेतला की वर्षभर तोच. म्हणून भाच्याला सांगितलं, आधी कमी लाव. त्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एचआरला दोन अर्ज दिले: कंपनीमार्फत एनपीएस ४,७५० आणि व्हीपीएफ १,५००. एचआरच्या बाईंनी पहिला अर्ज दोनदा वाचला म्हणे, आणि त्याची झेरॉक्स स्वतःसाठी ठेवून घेतली.

मेच्या स्लिपवर टीडीएस शून्य, हातात ९५,९५०. जूनच्या वीस तारखेला त्याने पासबुकाचा स्क्रीनशॉट पाठवला. त्याच्या वाट्यात ८,१०० होते.